परिचयात टूल्सची नावे कुठे, सोडवलेला प्रश्न कुठे?

प्रश्न : मी नऊ वर्षे बॅकएंड डेव्हलपर म्हणून काम करते आहे. माझा परिचय असा आहे : ‘सीनियर बॅकएंड डेव्हलपर. पायथन, जँगो, पोस्टग्रेस, रेडिस, काफ्का, डॉकर, कुबर्नेटीस, एडब्ल्यूएस, टेराफॉर्म, गिट.’ एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ही नावे काढून मी ‘आर्थिक व्यवहारांच्या प्रणाली वेगवान आणि विश्वासार्ह करते’ असे लिहिले, तर रिक्रूटरचे निरोप येणेच थांबले. यादी परत घातली. आता निरोप येतात, पण निम्मे डेव्हऑप्सच्या जागांसाठी असतात. माझे सर्वांत चांगले काम हिशेब जुळवणीच्या जॉबचे आहे : तो रात्री दोनला सुरू होऊन सकाळी आठला संपायचा, आता पावणेतीनला संपतो. याच कामावर एका परिषदेत बोलायचे आहे, शिवाय छोट्या कंपन्यांची स्वतंत्र कामेही घ्यायची आहेत. कुठे काय लिहू?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला चुकीचा नव्हता. तो ज्या वाचकाच्या बाबतीत बरोबर होता, त्या वाचकापर्यंत तुमचा परिचय पोहोचलाच नाही, एवढेच झाले. नोकरीसाठीचा परिचय दोन वेगळ्या टप्प्यांवर दोन वेगळ्या माणसांच्या हाती पडतो आणि या दोघांना तुमच्याबद्दल पडलेले प्रश्नही वेगळे असतात. कुठे नावे आणि कुठे काम हे ठरवताना आधी पाहावे लागते ते हेच, की हा मजकूर शोधला जाणार आहे की वाचला जाणार आहे.

पहिला टप्पा शोधाचा. रिक्रूटरसमोर जागेचे वर्णन असते आणि त्यातले शब्द तो शोधाच्या चौकटीत टाकतो. बहुधा तो स्वतः प्रोग्रॅमर नसतो आणि त्याने तसे असण्याची गरजही नाही. त्याचा शोध साधारण असा दिसतो :

```
(Django OR FastAPI) AND (PostgreSQL OR Postgres) AND Kafka
```

असा शोध अक्षरे जुळवतो, अर्थ लावत बसत नाही. ‘आर्थिक व्यवहारांच्या प्रणाली’ या शब्दांतून तुम्हाला जँगो येत असणार हे माणूस कदाचित ताडेल, पण हा शोध ताडत नाही. म्हणजे नावे काढल्यानंतर तुमचा परिचय कोणाला आवडला नाही असे घडले नसून तो कोणी पाहिलाच नव्हता. या टप्प्यावर नावे हवीतच, आणि तीही लोक जशी टाइप करतात त्याच रूपात हवीत. `PostgreSQL` आणि `Postgres` ही दोन्ही रूपे सर्रास वापरात आहेत. वरच्या शोधासारखी दोन्ही रूपे लिहिण्याची काळजी प्रत्येक रिक्रूटर घेतोच असे नाही, म्हणून एक रूप कौशल्यांच्या विभागात आणि दुसरे कामाच्या वर्णनात येऊ द्यावे. आवृत्तीचा आकडा मात्र त्या आवृत्तीवरच नेमके काम केलेले असेल तेव्हाच लिहावा.

दुसरा टप्पा वाचनाचा. शोधातून वर आलेले परिचय त्या गटाचा प्रमुख उघडतो, तेव्हा त्या सगळ्यांत जँगो, पोस्टग्रेस आणि काफ्का असतेच. त्याच अटीवर तर ते त्याच्यापर्यंत आलेले असतात. ज्या यादीने तुम्हाला दारातून आत आणले, ती आत आल्यावर तुमच्यात आणि शेजारच्या उमेदवारात काडीचाही फरक दाखवत नाही. भरतीच्या बाजूने मी असे परिचय वाचत आलो आहे आणि दहा नावांची यादी दिसली की नजर आपोआप पुढच्या ओळीकडे जाते, हे कबूल करायला हरकत नाही. पुढच्या ओळीत काहीच नसेल, तर तो परिचय बंद होतो.

सुदैवाने या दोन वाचकांसाठी दोन परिचय लिहावे लागत नाहीत, कारण एकाच पानावर त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. लिंक्डइनवर नावाखालच्या शीर्षकओळीत 220 अक्षरे मावतात. स्वतःबद्दलच्या विभागात 2600 अक्षरे मावतात, पण पान उघडताच त्यातल्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर उलगडून पाहावा लागतो. कौशल्यांचा विभाग याहून निराळा आहे, आणि लांब यादीची हक्काची जागा तीच. म्हणून शीर्षकओळीत पद, कामाचे क्षेत्र आणि फार तर तीन नावे असावीत; स्वतःबद्दलच्या विभागाच्या पहिल्या दोन वाक्यांत सोडवलेला प्रश्न यावा; उरलेली नावे कौशल्यांत जावीत. गिटहबवरच्या परिचयाला 160 अक्षरांचीच मर्यादा आहे, पण तिथे तुमचा कोडच शेजारी दिसत असतो आणि तो कोणत्या भाषेत आहे हेही पानच सांगते. तिथे नावांवर अक्षरे खर्च करू नयेत.

आता ती तीन नावे कोणती हे पाहू. तुमच्या यादीतली दहाही नावे एकाच मापाची असल्यासारखी शेजारी शेजारी बसली आहेत आणि डेव्हऑप्सच्या निरोपांचे मूळ मला तिथेच दिसते. कुबर्नेटीस, टेराफॉर्म आणि एडब्ल्यूएस ही तीन नावे एकत्र आली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पायाभूत यंत्रणा उभारणारा माणूस येतो. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेल्या फायलींवर तुम्ही `kubectl apply` चालवत असाल, तर तुम्ही कुबर्नेटीस वापरले आहे, पण ते चालवण्याची जबाबदारी तुमच्यावर नव्हती, आणि नावांची यादी हा फरक दाखवू शकत नाही. प्रत्येक नावापुढे स्वतःला एक प्रश्न विचारा : मुलाखत घेणाऱ्याने पुढचा अर्धा तास केवळ याच गोष्टीवर घेतला, ती अडली कशी आणि मी सोडवली कशी हे खोदून विचारले, तर मला बोलता येईल का? ज्याला उत्तर ‘हो’ येईल ते नाव वर राहील. ‘थोडेफार’ असे येईल ते कौशल्यांत जाईल. ‘नाही’ येईल ते काढावे, कारण मुलाखती पुष्कळदा यादीतल्या सर्वांत वेगळ्या दिसणाऱ्या नावापासूनच सुरू होतात.

गिट आणि डॉकर यांचा प्रश्न वेगळा आहे. ती तुम्हाला उत्तम येत असतीलही, पण नऊ वर्षांच्या अनुभवाच्या बॅकएंड डेव्हलपरकडून ती गृहीतच धरली जातात. त्यांच्या उल्लेखाने वाचकाला नवे काही कळत नाही आणि पदाचे वजन मात्र थोडे उतरते. नुकतेच शिक्षण संपवलेल्या माणसाच्या परिचयात हीच नावे योग्य ठरतील, कारण त्याच्याबद्दल काहीच गृहीत धरता येत नाही आणि सांगण्याजोगी सोडवलेली अडचणही बहुधा अजून नसते.

तुमच्या सहकाऱ्याच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तोही इथेच सांगतो. काही कामांत टूलचे नाव हाच प्रश्न असतो. पायथन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. त्यामुळे कौशल्यांच्या यादीत ‘पायथन 2’ लिहिले तर ते शिळे दिसते, पण ‘चालू प्रणाली बंद न ठेवता पायथन 2 वरून 3 वर नेली’ हे पूर्ण वाक्य आहे आणि त्यातून नावे काढली तर मागे काहीच उरत नाही. ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर केलेले स्थलांतर, जुन्या कोबोल प्रणालीची देखभाल किंवा एखाद्या मुक्तस्रोत लायब्ररीत दिलेले योगदान यांचेही तसेच आहे. अशा कामासाठी माणूस शोधणारा त्याच नावाने शोधतो आणि त्याच नावाने अडलेला असतो. म्हणून सोपी कसोटी अशी : वाक्यातून टूलचे नाव काढून पाहा. वाचणाऱ्याचा निर्णय बदलणार असेल तर नाव ठेवा, नसेल तर ते दुसऱ्या जागी हलवा.

आता तुम्ही लिहिलेले दुसरे वाक्य, ‘आर्थिक व्यवहारांच्या प्रणाली वेगवान आणि विश्वासार्ह करते’. यात टूल नाही हे खरे, पण यात प्रश्नही नाही. हे वाक्य पैशांशी संबंधित कोणत्याही प्रणालीवर काम करणाऱ्या कोणाच्याही नावाखाली शोभून दिसेल. माझ्या मते असे वाक्य यादीपेक्षाही वाईट, कारण यादीतून निदान शोध तरी लागतो. नावे काढली म्हणजे प्रश्नाचे वर्णन आपोआप तयार होत नाही. ते वेगळे लिहावे लागते, आणि त्यासाठी लागणारा ऐवज तुमच्या पत्रातच आहे.

जुळवणीच्या जॉबचेच उदाहरण घेऊ. अशा कामाचे पहिले वाक्य बहुतेक लोक असे लिहितात : ‘जुळवणी प्रक्रियेची कार्यक्षमता 88 टक्क्यांनी वाढवली.’ सहा तासांचे पंचेचाळीस मिनिटे झाले म्हणजे वेळ साडेसत्त्याऐंशी टक्क्यांनी कमी झाला. तीच गोष्ट उलट बाजूने पाहिली तर वेग आठपट झाला, म्हणजे 700 टक्क्यांनी वाढला. ‘कार्यक्षमता’ म्हणजे यांतले नेमके काय, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि मूळ आकडा सांगितलेला नसल्यामुळे आठ सेकंदांचा एक सेकंद केला तरी जवळपास हेच वाक्य लिहिता येईल. म्हणून टक्केवारी टाळून दोन्ही टोके द्यावीत : सहा तास लागत, आता पंचेचाळीस मिनिटे लागतात.

एवढ्यानेही वाक्य पुरे होत नाही. सहा तास लागत असल्याने अडचण कोणाची होत होती, हे अजून त्यात आलेले नाही. तुमच्या वेळापत्रकावरून मला असे दिसते की जॉब पहाटे मध्येच कोसळला, तर तो पुन्हा पहिल्यापासून चालवून कचेरी उघडण्यापूर्वी संपवणे शक्यच नव्हते. आता पावणेतीनला तो संपतो, म्हणजे बिघडला तरी पहाटेपर्यंत दोन-तीनदा पुन्हा चालवता येतो. खरा लाभ हा आहे आणि वेग हे त्याचे साधन होते. तुमच्याकडे प्रत्यक्षात असेच घडत होते का, हे तुम्हीच तपासून पाहावे. घडत असेल तर वाक्य असे होईल : ‘रात्रीचा जुळवणीचा जॉब सहा तासांवरून पंचेचाळीस मिनिटांवर आणला, त्यामुळे तो बिघडला तरी लेखा विभागाचा दिवस सुरू होण्यापूर्वी पुन्हा चालवता येतो.’ हे वाक्य तांत्रिक वाचकाला समजते आणि लेखा विभाग सांभाळणाऱ्यालाही समजते.

तांत्रिक वाचकाला पुढे एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे कारण. वेळ कमी झाला तो जास्त ताकदीचा सर्व्हर घेतल्यामुळे की दोष शोधल्यामुळे? मोठा सर्व्हर पैशाने मिळतो, पण दोष शोधायला माणूस लागतो. समजा, प्रत्येक व्यवहारामागे डेटाबेसकडे एक स्वतंत्र क्वेरी जात होती, ज्याला आपल्या क्षेत्रात N+1 म्हणतात, आणि तुम्ही `prefetch_related` वापरून त्या एकत्र केल्या व एक जोड-इंडेक्स घातला. मग स्वतःबद्दलच्या विभागातल्या तिसऱ्या वाक्यात हे आणा. इथे जँगोचे आणि पोस्टग्रेसचे नाव कामाच्या ओघात येते आणि यादीतल्या सुट्या नावापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते, कारण ते टूल तुम्ही कशासाठी उचलले हे दिसते. शोधालाही ते नाव सापडतेच. दोन्ही टप्प्यांची गरज एकाच वाक्यात भागण्याचा हा एक मार्ग आहे आणि जिथे जमेल तिथे तोच वापरावा.

प्रश्नाचे वर्णन करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि टूल्सच्या यादीत त्या कधी आड येत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे तो प्रश्न तुमच्या कंपनीचा असतो. ‘अमुक कंपनीचे हिशेब सकाळपर्यंत जुळत नसत’ हे कंपनीला उघड झालेले नको असू शकते आणि नोकरीच्या करारात तसे बंधनही असू शकते. म्हणून कंपनीचे नाव, ग्राहकांची संख्या आणि व्यवहारांची रक्कम गाळून फक्त कामाचा प्रकार व वेळेतला फरक ठेवावा, आणि शंका असेल तर लिहिण्याआधी वरिष्ठांना विचारावे. कंपनीचे नाव अनुभवाच्या रकान्यात असतेच, त्यामुळे त्या रकान्यात हे वाक्य न घालता ते स्वतःबद्दलच्या विभागात घालणे अधिक सुरक्षित आहे. ती तुमची एकच कंपनी असेल, तर मात्र ही पळवाट उपयोगी नाही. दुसरी गोष्ट श्रेयाची. दोष तुम्ही शोधला आणि दुरुस्ती तिघांनी मिळून केली असेल, तर ‘दोष शोधला आणि दुरुस्तीचे नेतृत्व केले’ असे लिहा. मुलाखतीत ‘यातले तुम्ही काय केले?’ हा प्रश्न येतोच, आणि तेव्हा परिचयातले क्रियापद तुमच्या तोंडच्या क्रियापदाशी जुळायला हवे.

परिषदेसाठीचा परिचय मात्र वेगळा लिहा. तो शोधला जात नाही. तो तिसऱ्या पुरुषी लिहिला जातो आणि पुष्कळदा सूत्रसंचालक तो मोठ्याने वाचून दाखवतो. दहा टूल्सची नावे मोठ्याने वाचून पाहा, मग मी काय म्हणतो ते कळेल. इथे वाचणारा विचारतो की या विषयावर या व्यक्तीचे का ऐकावे, म्हणजे तुमच्या भाषणाचा विषयच टूलचे नाव लागते की नाही ते ठरवतो. तुमचे भाषण जँगोच्या क्वेरींवर असेल, तर परिचयात जँगो यायलाच हवे, कारण श्रोते त्यावरूनच सत्र निवडतात. भाषण रात्रीच्या मोठ्या जॉबवर आणि तो फसल्यावर सावरण्यावर असेल, तर जँगोचे नाव गाळा. नाही तर जावावर काम करणारे श्रोते हे आपल्यासाठी नाही असे समजून शेजारच्या दालनात जातील, आणि त्यांची अडचण तर हुबेहूब तुमचीच आहे. अशा भाषणासाठी मी एवढेच लिहीन :

> त्या नऊ वर्षांपासून आर्थिक प्रणालींच्या बॅकएंडवर काम करतात. सहा तास चालणारा हिशेब जुळवणीचा रात्रीचा जॉब त्यांनी पंचेचाळीस मिनिटांवर आणला, आणि तो मध्येच थांबला तर काय करायचे याचा सराव त्यांच्या गटाला आहे.

दुसऱ्या वाक्याचा शेवट मी कल्पनेने घातला आहे. तिथे तुमच्याबाबतीत खरे असेल तेच लिहा.

छोट्या कंपन्यांसाठीच्या परिचयात टूल्सचे स्थान सर्वांत खाली असते, पण ते शून्य नसते. मालकाला किंवा हिशेब सांभाळणाऱ्याला काफ्का म्हणजे काय ते ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही. त्याच्या घरची अडचण त्याच्याच शब्दांत वर असावी : बँकेचे विवरण आणि आपली नोंदवही जुळत नाही, अहवाल वेळेत मिळत नाही, महिनाअखेरीस माणसे रात्री उशिरापर्यंत बसतात. ज्या अडचणी तुम्ही खरोखर सोडवल्या आहेत तेवढ्याच लिहाव्यात, हे सांगायला नको. मात्र टूल हे अशा ग्राहकाच्या दृष्टीने तुमचे कौशल्य नसते, तर त्याच्या गळ्यात पडणारी जबाबदारी असते. तुम्ही काम संपवून गेल्यावर ते कोण सांभाळणार, त्यासाठी माणूस मिळेल का, दरमहा कशाचे पैसे भरावे लागतील, हे त्याचे किंवा त्याच्या तांत्रिक सल्लागाराचे रास्त प्रश्न आहेत. त्यामुळे शेवटी एक ओळ ठेवा : ‘काम सहसा पायथन आणि पोस्टग्रेसमध्ये करते, ते पुढे सांभाळू शकणारे डेव्हलपर सहज मिळतात.’ आणि ग्राहकाकडे आधीच एखादे विशिष्ट हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल व त्याच्याशी जोडणी करण्याचा तुम्हाला अनुभव असेल, तर ते नाव थेट पहिल्या ओळीत न्या, कारण ग्राहक रोज तेच नाव उच्चारतो.

नोकरीच्या पानाची शीर्षकओळ मी अशी ठेवीन : ‘सीनियर बॅकएंड डेव्हलपर, आर्थिक व्यवहार आणि हिशेब जुळवणी, `Python`, `Django`, `PostgreSQL`.’ काफ्कावर तुम्ही अर्धा तास बोलू शकत असाल, तर पायथन काढून तिथे काफ्का घाला, कारण जँगो म्हटले की पायथन आलेच. पायथन कौशल्यांत असले की शोधाचे काम भागते.

बदल केल्यावर तो लागू पडला की नाही हे निरोपांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जातीवरून ओळखावे. तुमचा परिचय किती शोधांत वर आला, हे लिंक्डइन दाखवते. तो आकडा पडला, तर एखादे गरजेचे नाव गळाले आहे. आकडा टिकला पण कोणी परिचय उघडत नसेल, तर दोष शीर्षकओळीत आहे. उघडतात पण लिहीत नाहीत, तर पहिली दोन वाक्ये पुन्हा लिहावी लागतील. आणि निरोप येतात पण भलत्याच जागांचे, तर त्या निरोपांत कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते पाहा. ती नावेच त्यांना तुमच्याकडे ओढून आणत असतात. तुमच्या बाबतीत मी सुरुवात इथूनच करीन : बाकी काहीही न हलवता कुबर्नेटीस आणि टेराफॉर्म कौशल्यांतूनही काढा, काही आठवडे थांबा, आणि डेव्हऑप्सचे निरोप घटले की मगच शीर्षकओळीला हात लावा. दोन्ही बदल एकदम केले, तर कशामुळे काय झाले हे सांगता येणार नाही.